आठ मिलिमीटरचं रीळ स्कॅन झालं, आता पुढे काय? छिद्रापासून सुरुवात करा

रीळ स्कॅन होऊन फाईल हातात आली की ती जशी दिसते तशी कुणाला दाखवावीशी वाटत नाही. चित्र वरखाली थरथरतं, उजेड दिव्याच्या ज्योतीसारखा कमीजास्त होतो आणि सगळ्यांचे चेहरे विटकरी झालेले असतात. मग बहुतेक जण आधी रंगाला हात घालतात, कारण तोच सगळ्यात जास्त डोळ्यांत भरतो. तिथेच काम बिघडतं. विटलेला रंग सुधारायचा म्हणजे चित्रातला फरक ताणायचा. फरक ताणला की उजेडाची लुकलुकही तितकीच ताणली जाते. लुकलुक मोजायला चित्र आधी स्थिर असावं लागतं, नाहीतर चौकटीची काळी कड आतबाहेर झाली तरी सॉफ्टवेअरला वाटतं की उजेड बदलला. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी स्थिरता, मग लुकलुक, मग रंग, आणि वेग व अंतिम फाईल सगळ्यात शेवटी.

हा क्रम एका रिळावर करून दाखवतो. सोलापुरातल्या एका विणकर कुटुंबाचं हे सत्तरच्या दशकातलं रीळ. त्यावर सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आहे: पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, त्यांनी पेललेले उंच नंदीध्वज, मागे भुईकोट किल्ल्याची भिंत आणि तळ्याकाठची गर्दी. फिल्म ओर्वोची, म्हणजे पूर्व जर्मनीची, आणि साधी आठ मिलिमीटर, सुपर आठ नव्हे. सोबत लागणारी साधनं दोन: डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती आणि टर्मिनलमध्ये आज्ञा टाईप करून चालवायचं एफएफएमपेग. दोन्हींना पैसे पडत नाहीत.

फाईल कामाची आहे का?

स्कॅनची मूळ फाईल बाजूला ठेवा आणि प्रतीवर काम करा. मग रिझॉल्व्हमध्ये ती उघडून बाणाच्या कळीने एकेक चौकट पुढे सरका. फिल्मवरच्या प्रत्येक चौकटीमागे फाईलमध्ये एकच चौकट हवी. हात वर करणाऱ्या माणसाचा हात प्रत्येक टिचकीला थोडा हलला पाहिजे. मधूनच तो जागच्या जागी थांबत असेल, किंवा एका चौकटीत दोन हातांची भुतं दिसत असतील, तर कुणीतरी वेग आधीच बदलून दिलाय. थांबणाऱ्या जादा चौकटी काढून टाकता येतात. दोन चौकटी एकमेकींत मिसळल्या असतील तर मात्र त्या वेगळ्या करता येत नाहीत. ते स्कॅन पुन्हा करून घ्यावं लागतं.

दुसरं बघायचं ते छिद्र. फिल्म ओढण्यासाठी कडेला जी चौकोनी भोकं असतात ती स्कॅनमध्ये दिसली पाहिजेत. साध्या आठ मिलिमीटरच्या फिल्मवर छिद्र दोन चौकटींच्या मधल्या रेषेवर येतं, म्हणून ते चित्राच्या कोपऱ्यात, वर आणि खाली दिसतं. सुपर आठमध्ये ते चौकटीच्या बाजूला बरोबर मध्यावर असतं. पुष्कळदा स्कॅन करणारे ‘चित्र नीटनेटकं दिसावं’ म्हणून कडा कापून देतात. तुमचं रीळ अजून द्यायचं असेल तर आधीच सांगा: कडा आणि छिद्रं ठेवा, एक्सपोजर एका जागी पक्कं करा, धार वाढवू नका, दाणा पुसू नका, आणि दहा बिट किंवा त्याहून जास्त खोलीची फाईल द्या. आठ बिटांच्या फाईलमध्ये विटलेला लाल थर ताणला की आकाशात पायऱ्या दिसू लागतात.

छिद्राला इतकं महत्त्व का, तर तिथे फिल्मच नसते. तिथून स्कॅनरचा उजेड सरळ येतो. त्यामुळे छिद्रात जे काही बदलतं ते स्कॅनरचं, आणि छिद्र शांत असताना चित्रात जे बदलतं ते फिल्मवरचं. दोष कोणाचा हे या एका जागेवरून कळतं, आणि तो कळल्याशिवाय उपाय ठरवता येत नाही.

छिद्राच्या दोन चाचण्या

पहिली चाचणी हलण्याची. छिद्राच्या कडेवर स्क्रीनवर काहीतरी सरळ ठेवा, पट्टीसुद्धा चालेल, आणि चौकट चौकट पुढे जा. छिद्र पट्टीच्या वरखाली होत असेल तर फिल्म स्कॅनरमध्ये नीट बसत नव्हती. छिद्र जागेवर आहे पण चित्र हलतंय, तर दोष मूळ कॅमेऱ्यात आहे. त्या कॅमेऱ्याच्या नखीने प्रत्येक चौकट अगदी त्याच जागी ओढली नव्हती.

दुसरी चाचणी उजेडाची. छिद्राच्या आतला एक लहान चौकोन निवडा आणि त्याची सरासरी उजळता प्रत्येक चौकटीला किती आहे ते फाईलमध्ये लिहून घ्या. आमचं स्कॅन 2048 बाय 1536 पिक्सेलचं होतं आणि छिद्र वरच्या डाव्या कोपऱ्यात होतं:

```
ffmpeg -i gadda.mov -vf "crop=60:60:70:50,signalstats,metadata=print:key=lavfi.signalstats.YAVG:file=chhidra.txt" -f null -
```

`crop` मधले पहिले दोन आकडे चौकोनाची रुंदी आणि उंची, पुढचे दोन त्याचं डावीकडून आणि वरून अंतर. ते तुमच्या चित्राप्रमाणे बदला. चौकोन छिद्राच्या पूर्ण आत हवा, म्हणजे छिद्र थोडं हललं तरी कड आत येणार नाही. निघालेली `chhidra.txt` कुठल्याही साध्या एडिटरमध्ये उघडते. दहा बिटांच्या फाईलमध्ये आकडे 0 ते 1023 या मापात येतात. मग `crop` चे आकडे आणि शेवटचं फाईलचं नाव बदलून हीच आज्ञा चित्राच्या मधल्या भागावर चालवा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवा. नाव तेच ठेवलं तर पहिली यादी पुसली जाते.

आमच्या रिळात छिद्राचे आकडे जवळपास एकसारखे होते, दोन-तीनने इकडेतिकडे. चित्रातले मात्र 448, 486, 440, 491 असे एकाआड एक उड्या मारत होते. म्हणजे स्कॅनर निर्दोष. कॅमेरा चावीच्या स्प्रिंगवर चालणारा असावा आणि त्याचा वेग समान नसावा. वेग कमी झाला की चौकटीला उजेड जास्त मिळतो.

इथे एक खबरदारी. छिद्र पार पांढरं होऊन वरच्या टोकाला चिकटलेलं असेल तर आकडे आपोआपच स्थिर दिसतात आणि त्यावरून काही सिद्ध होत नाही. तेव्हा दोन चौकटींमधली काळी रेषा मोजा. तीही स्थिर असेल तर स्कॅनरवरचा संशय बराच कमी होतो. याउलट छिद्राचे आकडे हलत असतील, आणि चित्रात पांढऱ्या कपड्यांची गर्दी आली की छिद्र काळवंडत असेल, तर स्कॅनरचं एक्सपोजर आपोआप बदलत होतं. घरगुती लहान यंत्रांत हे फार दिसतं. तेव्हा दुरुस्तीत वेळ घालवण्यापेक्षा एक्सपोजर पक्कं करून पुन्हा स्कॅन करणं बरं.

चित्र स्थिर करणं

स्थिर करण्याची तयार बटणं चित्रातल्या वस्तूंचा माग काढतात. लग्नाच्या मांडवात ते चालून जातं. गड्ड्याच्या रिळात ते हमखास फसतं, कारण चौकटीत सगळ्यात ठळक उभी रेघ म्हणजे नंदीध्वज, आणि तो पेलणाऱ्याच्या चालीबरोबर झुलत असतो. बटण दाबलं की सॉफ्टवेअर नंदीध्वज स्थिर धरतं आणि किल्ला झुलायला लागतो. छिद्राचा माग काढला तर हा घोटाळा होत नाही.

रिझॉल्व्हमध्ये नवीन प्रकल्प करतानाच टाईमलाईनचा वेग 16, म्हणजे सेकंदाला 16 चौकटी, ठेवा, कारण एकदा फाईल आत घेतली की तो बदलता येत नाही. सुपर आठसाठी बहुधा 18 लागतो. फाईलच्या `Clip Attributes` मध्येही तोच वेग द्या. मग फ्युजनच्या पानावर `MediaIn` आणि `MediaOut` यांच्या मध्ये `Tracker` हा नोड, म्हणजे एका कामाचा ठोकळा, ठेवा. त्याचे दोन चौकोन दिसतात. आतला चौकोन छिद्राभोवती बसवा, बाहेरचा म्हणजे शोधण्याची हद्द. ती चित्राच्या सगळ्यात मोठ्या उडीइतकी मोठी हवी, पण शेजारचं छिद्र तिच्यात येता कामा नये. साध्या आठमध्ये दोन छिद्रांमधलं अंतर 3.81 मिलिमीटर असतं. हद्द त्याच्या निम्म्याहून कमी ठेवली की माग चुकून दुसऱ्या छिद्रावर जात नाही.

`Adaptive Mode` हा पर्याय `None` वर ठेवा. तो दर चौकटीला नमुना बदलत गेला तर हळूहळू सरकतो आणि दोन मिनिटांनी चित्र बाजूला गेलेलं असतं. माग काढून झाल्यावर `Operation` च्या पानावर `Match Move` निवडा, `Merge` मध्ये `BG only` घ्या, आणि फक्त जागा स्थिर करा. फिरणं आणि लहानमोठं होणं या दोन्ही खुणा काढून टाका. एका छिद्रावरून फिरण्याचा अंदाज येत नाही.

जुन्या रिळात छिद्राची एक कड फाटलेली किंवा घासलेली असते, कारण प्रोजेक्टरची नखी त्याच कडेला ओढायची. तुमच्या फिल्मवर वरची कड झिजलीय की खालची ते मोठं करून बघा आणि आतला चौकोन असा बसवा की शाबूत कड आणि तिचे कोपरे त्यात येतील. माग निघाल्यावर त्याचा आलेख उघडून बघा. एखाद्या चौकटीत एकटाच उंच काटा दिसला तर तिथे छिद्र फाटलंय किंवा जोड आहे. तेवढ्या चौकटीचा बिंदू हाताने शेजारच्यांच्या रांगेत आणा.

आता चित्र चालवून बघा. स्कॅनरची थरथर गेलेली असेल. कॅमेऱ्याची थरथर उरली असेल तर चित्राची स्वतःची कड बघा, म्हणजे कॅमेऱ्याच्या खिडकीची छापील काळी किनार. ती चित्राबरोबरच फिल्मवर उमटलेली असते, त्यामुळे कॅमेऱ्याने चौकट जितकी सरकवली तितकीच ती सरकते. तिच्यावर दुसरा `Tracker` लावला की उरलेली थरथरही जाते. अडचण एवढीच की रिव्हर्सल फिल्मवर, म्हणजे जिच्यावर निगेटिव्हऐवजी थेट सरळ चित्र मिळतं तिच्यावर, आणि घरगुती रिळं बहुतेक रिव्हर्सलचीच असतात, ही किनार काळी असते. शेजारी चित्र उजळ असेल तरच ती दिसते. आमच्या रिळात नंदीध्वजामागे आकाश होतं, वरची किनार चाकूने कापल्यासारखी स्पष्ट होती, काम झालं. रात्रीच्या शोभेच्या दारूच्या शॉटमध्ये किनार सापडत नाही. तिथे छिद्रावर समाधान मानायचं.

तिसरी थरथर हाताची. ती मी काढत नाही. कॅमेरा धरलेल्या माणसाला गर्दीत धक्का बसला आणि चित्र डावीकडे गेलं, तर ते त्या दिवशी तसंच घडलं होतं. यंत्रांनी घातलेली थरथर वेगळी आणि माणसाची वेगळी.

छिद्र स्कॅनमध्ये नसेल तर वरची काळी किनार वापरा. तीही नसेल तर रिझॉल्व्हचं साधं स्टॅबिलायझर `Translation` वर ठेवून, एकेका शॉटला, कमी जोरात वापरा. निकाल छिद्राइतका पक्का येत नाही आणि कडेचं थोडं चित्र कापावं लागतं.

शॉट वेगळे करा

स्थिर झालेली फाईल शॉटच्या सांध्यांवर तोडा. घरगुती रिळात सांधे खूप असतात, कारण बटण दाबलं की चित्रण, सोडलं की बंद, एवढंच संकलन होतं. नवख्यांकडून निसटतात त्या प्रत्येक शॉटच्या सुरुवातीच्या एक-दोन पांढऱ्या चौकटी. कॅमेऱ्याला वेग पकडायला क्षणभर लागतो, तेवढ्यात चौकटीवर जास्त उजेड पडतो. त्या लुकलुकीच्या हिशेबात घेतल्या तर शेजारच्या चांगल्या चौकटी बिघडतात. त्या शॉटमधून बाजूला काढा, टाकून देऊ नका. हवं तर शेवटी परत जोडता येतात. प्रत्येक शॉट दहा बिटांच्या चांगल्या कोडेकमध्ये बाहेर काढा, उदाहरणार्थ `DNxHR HQX`.

उजेडाची लुकलुक

मोफत रिझॉल्व्हमध्ये लुकलुक काढण्याची सोय नाही, म्हणून इथे एफएफएमपेग. नंदीध्वजाचा शॉट 176 चौकटींचा होता, सोळाच्या वेगाने 11 सेकंदांचा. आज्ञा अशी:

```
ffmpeg -i nandidhwaj.mov -vf "crop=1640:1200:210:170,deflicker=mode=median:size=7" -c:v prores_ks -profile:v 3 -pix_fmt yuv422p10le nandidhwaj_df.mov
```

आधी `crop` ने छिद्र आणि काळी किनार दोन्ही कापली, कारण मोजणीत फक्त चित्र हवं. नंतर `deflicker` प्रत्येक चौकटीची उजळता ती धरून पुढच्या सात चौकटींशी ताडून बघतो आणि तिला त्यांच्या मधल्या किमतीला आणतो. सात चौकटी म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडं कमी. एवढ्यात स्प्रिंगची लुकलुक पकडली जाते आणि खरा बदल वाचतो.

हा आकडा वाढवायचा मोह होतो, कारण 31 ठेवला की चित्र आणखी शांत वाटतं. पण कॅमेरा किल्ल्याच्या काळपट भिंतीवरून आकाशाकडे वळला की चित्राची उजळता खरोखर वाढते. मोठी खिडकी त्यालाही लुकलुक समजून दाबते, आणि भिंत कॅमेरा वळण्याच्या आधीच उजळायला लागते. कॅमेरा वळत असताना स्थिर वस्तूचा उजेड बदलताना दिसला की खिडकी मोठी झाली असं समजा आणि 5 वर या.

काम झालं की पुन्हा `signalstats` चालवून आकडे बघा. आमच्या शॉटमध्ये पन्नासपर्यंतच्या उड्या सहा-सातवर आल्या. तेवढं पुरे. शून्यावर आणायच्या नादी लागू नका. गर्दीत पांढरी बाराबंदी चौकटीत आली-गेली की उजळता थोडी हलतेच, आणि ती हललीच पाहिजे.

या फिल्टरची मर्यादा ध्यानात ठेवा. तो पूर्ण चौकटीला एकाच मापाने उजळ किंवा गडद करतो. लुकलुक फक्त वरच्या भागात असेल, किंवा डाग पडल्यासारखी फिरत असेल, तर ती प्रक्रियेच्या वेळी किंवा ओलाव्याने आलेली असते. तिथे हा उपाय चालत नाही, उलट चित्राचा चांगला भाग लुकलुकायला लागतो. तसं दिसलं तर तो शॉट फिल्टरविना ठेवा.

विटलेला रंग

रंगीत फिल्मवर तीन रंगद्रव्यांचे थर असतात: निळसर हिरवट म्हणजे सायन, मॅजेंटा आणि पिवळा. अंधारात डब्यात पडलेल्या पुष्कळ जुन्या फिल्मांत सायन आधी उडतो. उष्णता त्याला घाई करते, आणि सोलापूरचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेलं रीळ त्यामुळे लवकर लाल होतं. कोडॅक्रोम याला ठळक अपवाद. ती अंधारात चांगली टिकते, म्हणून एकाच डब्यातली दोन रिळं एक लाल आणि एक टवटवीत निघू शकतात.

सायनचं काम लाल उजेड अडवायचं. सायन गेला की जिथे गडदपणा हवा तिथेही लाल उजेड आरपार येतो. उजळ भागात रंगद्रव्य मुळातच थोडं असतं, म्हणून तिथे फारसं बिघडत नाही. याचा अर्थ असा की लाली सगळीकडे सारखी नसते, ती सावल्यांत सर्वाधिक असते. सगळ्या चित्रातून लाल रंग सारखा कमी केला तर केस काळे होईपर्यंत बाराबंदी हिरवट होते. दुरुस्ती खालून, म्हणजे सावल्यांपासून करायची.

रिझॉल्व्हच्या रंगाच्या पानावर `RGB Parade` हा आलेख लावा. त्यात लाल, हिरवा आणि निळा हे तीन थर 0 ते 1023 च्या मापात शेजारी शेजारी दिसतात. आमच्या शॉटमध्ये लाल 380 ते 870 मध्ये अडकलेला, हिरवा 70 ते 830, निळा 130 ते 800. लालचा तळ इतका वर आहे, रोग तिथेच आहे.

पहिल्या नोडमध्ये लालचा `Lift` खाली आणा, तळ 60 च्या आसपास येईपर्यंत. यात लालचा माथाही थोडा खाली येतो, तो लालच्या `Gain` ने परत वर न्या. मग निळ्याचा तळ थोडा खाली. तिन्हींचे तळ जवळपास सारखे झाले की मधला भाग `Gamma` ने जुळवा. या टप्प्यावर चित्र भडक आणि दाणेदार वाटेल. घाबरू नका, लाल थर दीडपटीहून जास्त ताणला गेलाय.

आता खुणेसाठी चित्रात अशी वस्तू शोधा जिचा रंग माहीत आहे. इथे गड्ड्याचं रीळ फार सोयीचं: मानकऱ्यांची बाराबंदी पांढरी असते, आणि मागची किल्ल्याची भिंत काळपट राखाडी दगडाची. एक वरचं टोक देते, दुसरी सावलीचा भाग. भिंतीच्या सावलीत तिन्ही थर एकमेकांशी जुळवले. बाराबंदीवर मात्र लाल 780, हिरवा 770, निळा 740 असं थोडं उबदार ठेवलं. जानेवारीतल्या तिरप्या उन्हात पांढरं कापड पूर्ण पांढरं दिसत नाही. आलेखात तिन्ही सारखे केले तर दृश्य ढगाळ दुपारचं वाटू लागतं. आपोआप रंग जुळवण्याचं बटण इथे वापरू नका. त्याला हे ऊन कळत नाही.

लाल थरात ताणूनही तपशील उभा राहत नसेल, चेहरे सपाट मातीसारखे दिसत असतील, तर सायन जवळपास गेलेला आहे. तेव्हा दुसऱ्या नोडमध्ये `RGB Mixer` उघडून लाल थरात थोडा हिरवा मिसळा: लाल 0.75, हिरवा 0.25. हिरव्या थरात नाक, डोळे, कपड्यांच्या घड्या शाबूत असतात, त्या उसन्या येतात. किंमत अशी की लाल आणि हिरव्यातला फरक कमी होतो, हिरवी पानं आणि लाल कुंकू एकमेकांकडे सरकतात. 0.35 च्या पुढे मी जात नाही, नाहीतर चित्र हाताने रंगवलेल्या फोटोसारखं होतं.

या टप्प्यावर घरातल्या मोठ्या माणसांना शेजारी बसवा. आमच्या शॉटमध्ये कडेला उभ्या असलेल्या बाईंचं लुगडं पिवळट तपकिरी दिसत होतं, आणि मी ते तसंच सोडणार होतो. त्या घरातल्या आजी बघून म्हणाल्या, “अहो, ते इरकली आहे, हिरवंगार. माझ्या जावेचं.” त्यांचं म्हणणं फिल्मच्या हिशेबातही बसतं. फिल्मवर हिरवा रंग पिवळा आणि सायन मिळून होतो. सायन गेला की मागे पिवळट उरतं. त्याच न्यायाने निळं आकाश गुलाबी-जांभळं होतं, कारण मागे मॅजेंटा उरतो. आजींच्या सांगण्यावरून लालचा `Gamma` आणखी थोडा खाली घेतला, लुगडं हिरवं झालं आणि त्याबरोबर मागची झाडंही जागेवर आली. एका लुगड्यापुरता वेगळा रंग भरायची गरज पडली नाही. दुरुस्ती बरोबर दिशेने चालल्याची ही चांगली खूण आहे: एक वस्तू जुळली की दुसऱ्या आपोआप जुळतात.

जास्त झालं हे ओळखायचं तर काळे केस बघा. त्यात हिरवट किंवा निळसर झाक आली की लालचा तळ फार खाली गेलाय. आकाश सगळ्यात शेवटी सुधारतं आणि कधी पूर्ण सुधारत नाही. फिकट राखाडी निळं आकाश चालेल, त्याला मुखवटा लावून गडद निळं रंगवू नका.

रिळाचं विटणं साधारण एकसारखं असतं, म्हणून पहिला नोड सगळ्या शॉटना तसाच द्या आणि मग एकेकाला किरकोळ हात लावा. बाहेरच्या वेढ्यांचा भाग पुष्कळदा जास्त विटलेला असतो. रिळाच्या एका टोकाला लाली वाढत गेली तर गोंधळू नका, तिथे लालचा `Lift` आणखी खाली न्या.

वेग आणि अंतिम फाईल

सगळ्या शॉट्सना 16 च्या टाईमलाईनवर ओळीने लावा. माणसं नेहमीच्या चालीने चालतायत का बघा, विशेषतः नंदीध्वज पेलणारे. ते दुडुदुडु पळत असतील तर वेग जास्त आहे. फोन आणि संगणक 16 ची फाईल चालवतात. टीव्हीने अडवली तर 24 ची करा, त्यात प्रत्येक दुसरी चौकट दोनदा येते. मधल्या चौकटी नव्याने बनवणारे पर्याय बंद ठेवा, त्याने पातळ नंदीध्वज मधेच वाकतात आणि हात विरघळतात.

जपून ठेवायच्या गोष्टी तीन: स्कॅनची मूळ फाईल, रंग लावण्याआधीचे स्थिर आणि लुकलुक काढलेले शॉट, आणि अंतिम चित्र. दोन वेगळ्या ड्राईव्हवर, त्यातली एक दुसऱ्या घरात. रीळ फेकू नका. ते माळ्यावरून काढून खालच्या मजल्यावरच्या आतल्या, थंड आणि कोरड्या खोलीत ठेवा. डबा उघडल्यावर व्हिनेगरचा आंबट वास आला तर ते रीळ बाकीच्यांपासून वेगळं करा. त्याचा पाया विघटित होऊ लागलाय आणि निघणारी वाफ शेजारच्या रिळांनाही लागते. अशा रिळाचं स्कॅन मनासारखं झालं नसेल तर दुसरं स्कॅन लवकर करून घ्या. पुढे फिल्म आकसते आणि स्कॅनरच्या दात्यांवर बसत नाही.